चौथ्याच्या वाट्याला उरतं काय?

सर, नमस्कार. आम्ही चौघं कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. आमचा विषय शेततळ्यातल्या पाण्याचं बाष्पीभवन. १० दिवसांनी प्रकल्प स्पर्धा आहे. वेळ १२ मिनिटं, आणि चौघांनीही बोललंच पाहिजे अशी अट. काल पहिल्यांदा सलग सराव केला तर १६ मिनिटं लागली. गणेश सुरू झाला की थांबत नाही. एकाचं संपलं की दुसरा उठेपर्यंत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो. सोहेल शेवटी आहे. तो म्हणतो, "माझी पाळी येईस्तोवर तुम्ही सगळं ताट साफ करून टाकायलात." चौघांची लिहिलेली भाषणं सोबत जोडली आहेत. काय कमी करावं?
— प्रतीक्षा, लातूर जिल्हा

प्रतीक्षा,

सोहेलचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे, कारण कॉलेजात असताना एका स्पर्धेत मीही चौथाच होतो. पहिल्याने व्यासपीठावरच्या एकेकाचं नाव घेऊन नमस्कार केला. दुसऱ्याने विषयाचा इतिहास सांगितला. तिसरी उठली तेव्हा माइक बंद, तो सुरू होईपर्यंत तिने पुन्हा पहिल्यापासून नमस्कार घातला. मी उभा राहिलो आणि पहिली घंटी झाली, म्हणजे एक मिनिट उरलं. चार पानं होती हातात. मी ती एका दमात ओतली. खाली बसल्यावर परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बरं, पण तुमचा निष्कर्ष काय?" निष्कर्ष मी सांगितला होता, फक्त कुणाला ऐकू गेला नव्हता.

चौघांच्या सादरीकरणात उशीर एकाच दिशेने वाहतो, उतारावरच्या पाण्यासारखा. पहिल्याने घेतलेले २० सेकंद, दुसऱ्याचं दीड मिनिट, तिसरीचा घोळ, हे सगळं जाऊन साचतं ते चौथ्याच्या दारात. आणि चौथ्याकडे नेमकं काय असतं? खर्च किती, शेतकऱ्याला परवडेल का, तुमचं म्हणणं काय. परीक्षक ज्यासाठी कान देऊन बसलेले असतात तेच. म्हणून वेळ वाटायची ती शेवटाकडून मागे. आधी सोहेलला हवा तेवढा वेळ बाजूला काढायचा, मग उरलेल्यात बाकीच्या तिघांनी बसायचं.

आता तुमच्या भाषणांचा हिशेब. सुरुवातीचे नमस्कार सोडून मी शब्द मोजले. तुझे ३००, गणेशचे ४१०, वैष्णवीचे ३७०, सोहेलचे २९०. एकूण १३७०. मी आजवर ज्या मुलांना घड्याळ लावून ऐकलं, ती मंचावर आकडे सांगताना मिनिटाला साधारण १०० शब्द बोलतात. खोलीत वाचताना वेग जास्त असतो, त्यावर जाऊ नको. या हिशेबाने तुमचं नुसतं बोलणं पावणेचौदा मिनिटांच्या आसपास भरतं. सराव मात्र १६ मिनिटांचा झाला. म्हणजे सव्वादोन मिनिटं अशी गेली की त्यात कुणीच काही सांगत नव्हतं.

ती कुठे गेली हे तुझ्याच कागदावर दिसतं. चारही भाषणांची सुरुवात एकच आहे: "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो". वर स्वतःचं नाव, वर्ष, शाखा. हे मोजून बघ, १५ सेकंद जातात. चार वेळा म्हणजे पूर्ण एक मिनिट. उरलेलं सव्वा मिनिट तीन सांध्यांत गेलं. सांधा म्हणजे एकाचं तोंड मिटल्यापासून दुसऱ्याचं पहिलं कामाचं वाक्य येईपर्यंतची जागा. तुमचा एकेक सांधा नमस्कार सोडून २५ आणि तो धरून ४० सेकंदांचा असणार. खात्री करायची तर उद्याच्या सरावात मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि दर सांध्याला दोनदा लॅप दाबा, संपताना एकदा आणि कामाचं पहिलं वाक्य सुरू होताना एकदा. "नमस्कार, मी गणेश" हे कामाचं वाक्य धरायचं नाही.

नमस्काराचं औषध सोपं आहे. तो एकदाच, तू करायचा, आणि त्यातच चौघांची नावं सांगून टाकायची. बाकी तिघांनी नमस्कार केला नाही तर उद्धटपणा वाटेल, असं गणेशच्या मनात येईल. नाही वाटत. परीक्षक दिवसभरात असे पुष्कळ गट ऐकतात. एक नमस्कार कमी झाला म्हणून त्यांचं काही बिघडत नाही, बरंच वाटतं.

सांध्यांवर मात्र नीट काम करायला हवं, कारण तुमचं सादरीकरण तिथेच गळतंय. पोवाड्यात बघितलंस ना, शाहिराची ओळ संपते न संपते तोच झीलकरी "जी जी जी" करून ती उचलतात. मध्ये कुणी सांगत नाही की आता माझे झीलकरी मित्र झील धरतील. ते ओळीच्या शेवटच्या शब्दावर टपून असतात. तुम्हालाही तेच करायचंय. जाणाऱ्याचं शेवटचं वाक्य असं हवं की येणाऱ्याच्या पहिल्या वाक्याशिवाय ते अर्धवट वाटावं, आणि येणाऱ्याचं नाव त्या वाक्याच्या आतच आलेलं असावं.

तुझ्या कागदावर तू शेवटी लिहिलं आहेस, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते आणि पुढील माहिती देण्यासाठी माझा सहकारी गणेश याला आमंत्रित करते." हे वाक्य काढ. तुझा भाग मी पुढे कसा बदलायचा ते सांगतो. त्यात तुझा शेवटचा आकडा ७२०० लिटरचा येईल. त्यावरून असं म्हण:

"दिवसाला ७२०० लिटर, हा झाला कागदावरचा हिशेब. खरंच एवढं जातं का, ते गणेशने दोन महिने रोज सकाळी तळ्यावर जाऊन मोजलं."

आणि गणेशने "मोजलं" हा शब्द पडायच्या आत श्वास घेतलेला असावा:

"रोज सकाळी साडेआठला. पावसाची नोंद होते त्याच वेळेला."

बघ, आमंत्रण नाही, आभार नाहीत, पण समोरच्याला कळलं की हा गणेश आहे, त्याने काय केलं आणि तो आता काय सांगणार. दुसऱ्या सांध्याला गणेशने म्हणावं, "६० दिवसांच्या ६० नोंदी झाल्या. त्यातली एक वैष्णवीला खटकली." वैष्णवीने लगेच उचलावं: "मे महिन्यातली. त्या दिवशी ढग होते, ऊन कमी होतं, तरी पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरलं. कारण त्या दिवशी वारा सुटला होता." ही नोंद तिच्या भाषणात तिसऱ्या पानावर गाडून टाकली होती. ती ओढून पुढे आण. नुसत्या उन्हाने नाही तर वाऱ्यानेही पाणी उडतं, ही तुमच्या अख्ख्या अभ्यासातली सगळ्यात जिवंत गोष्ट आहे. तिसऱ्या सांध्याला वैष्णवी म्हणेल, "शेडनेटखाली पाणी वाचतं, हे दिसलं. पण शेडनेट काही फुकट येत नाही." आणि सोहेल: "माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला. याला किती लागतात?"

सांध्यांची ही वाक्यं तोंडपाठ हवीत, अगदी शब्द न् शब्द. बाकीचं भाषण मुद्द्यांवरून बोललात तरी चालेल, उलट बरं. पण सांध्यात शब्द बदलला की पुढचा गांगरतो. त्याला कळतच नाही की आपली वेळ झाली का. तुमच्यातला जो सगळ्यात धीट असेल त्याच्यावर जास्त लक्ष ठेव, कारण ऐनवेळी वाक्य सजवायचा मोह त्यालाच होतो.

आता वेळेची वाटणी. १२ मिनिटांच्या स्पर्धेत १२ मिनिटांची तयारी करायची नसते. मंचावर काही ना काही सांडतंच. संचालन करणारा तुमचं नाव चुकीचं घेतो, प्रोजेक्टर निळा पडदा दाखवतो, कुणीतरी हसतं आणि तुम्ही थांबता. बंद खोलीत पावणेअकरा मिनिटं भरायला हवीत, सव्वा मिनिट सांडायला ठेवा. ते पावणेअकरा असे वाटा: तू सव्वादोन मिनिटं, त्यात १५ सेकंद नमस्काराचे. गणेश अडीच. वैष्णवी तीन. सोहेल तीन. सांध्यांना वेगळा वेळ नाही, कारण सांध्याची वाक्यं आता ज्याच्या त्याच्या भाषणातच आहेत. शब्दांत मोजलं तर तुझे २००, गणेशचे २५०, सोहेलचे ३००, आणि वैष्णवीचे ३०० नाही तर २८०. तिच्याकडे दोन आलेख आहेत. आलेख पडद्यावर आला की लोक आधी तो वाचतात, त्या वेळी बोललेलं कानावरून जातं. दर आलेखाला पाच-सहा सेकंद गप्प उभं राहायला तिला सांग. वैष्णवीला ते जड जाईल, पण सरावाने जमतं.

चौघांना सारखा वेळ का नाही, असं तुला कुणीतरी विचारेल. तीन-तीन मिनिटं ही भावकीची वाटणी झाली. पद्धतीला अडीच मिनिटं पुष्कळ होतात, निकालाला आणि खर्चाला होत नाहीत.

काय कापायचं म्हणशील तर तुझ्यापासून सुरू करू. तुझी पहिली पाच वाक्यं "पाणी हे जीवन आहे" पासून "काळाची गरज आहे" पर्यंत आहेत. ती कुठल्याही विषयाला चालतील. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यातली, समोरच्या प्रत्येकाने पाहिलेली किंवा ऐकलेली गोष्ट घे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ‘जलदूत’. सुरुवातीला १० वाघिणींतून ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची गाडी धावली तेव्हा खेपेला २५ लाख लिटर. आता तुझं शेततळं त्याच्या शेजारी ठेव. वरून ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळाशी ते २४ बाय २४ उरतं. त्यात २१९६ घनमीटर पाणी मावतं, जवळजवळ २२ लाख लिटर. एक भरलेलं शेततळं म्हणजे जवळपास जलदूतची एक खेप. मग सांग की भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, उन्हाळ्यात त्यातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं तर होतात ७२०० लिटर. एवढ्यात तुझं काम झालं. २०० शब्दांत आरामात बसतं, आणि त्यात समजावून सांगायला लागेल असा एकही शब्द नाही. "एकास एक उतार" मात्र तोंडाने बोलू नको, तो स्लाइडवरच्या आकृतीत दिसू दे. विचारलं तर सांगायचं.

गणेशचं दुखणं वेगळं आहे. त्याला नुसतं "कमी बोल" म्हणू नको, तो मान हलवेल आणि मंचावर पुन्हा तेच करेल. तो लांबतो कारण दोन महिने पहाटे उठून तळ्यावर तोच गेला. त्याला ते दिसायला हवंय, आणि त्यात काही चूक नाही. त्याच्या कागदावरचा हा तुकडा बघ:

"सर्वप्रथम आम्ही शेततळ्यांची निवड केली. निवड करताना विविध बाबी विचारात घेण्यात आल्या. त्या पुढीलप्रमाणे. पहिली बाब म्हणजे दोन्ही शेततळ्यांचे आकारमान समान असणे आवश्यक होते..."

असं करत पाच बाबी, दीड मिनिट. याचं बोलण्यातलं रूप एवढंच आहे:

"दोन तळी, एकाच शिवारात, एकाच मापाची. एक उघडं ठेवलं, एकावर शेडनेट टाकलं. दोन्हींना प्लास्टिकचं अस्तर आहे, म्हणून पातळी उतरली ती पाझरून नाही, वाफ होऊनच."

यातलं शेवटचं वाक्य त्याच्या कागदावर नव्हतंच, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. शेततळ्यातली पातळी दोन वाटांनी उतरते, वर वाफ होऊन आणि खाली मुरून. अस्तराचा उल्लेख केला नाही तर जाणता परीक्षक तुमचे सगळे आकडे एका प्रश्नात पाडेल. गणेशने यंत्राची एवढी माहिती दिली आणि हे सांगायचं राहिलं. लांबलेल्या भाषणात असंच होतं, जे सांगायलाच हवं ते बहुतेक वेळा उरलेल्यांत असतं.

कापलेलं फेकायचं नाही. गणेशच्या पाच बाबी, यंत्राचा फोटो, रोजच्या नोंदींचा तक्ता, हे सगळं शेवटच्या आभाराच्या स्लाइडनंतर तीन जादा स्लाइड करून ठेवा. सादरीकरणात त्या दाखवायच्या नाहीत. प्रश्नोत्तरात पद्धतीवर प्रश्न आला की गणेशने उठायचं, ती स्लाइड काढायची आणि मनसोक्त सांगायचं. परीक्षकांना तयार तक्ता समोर आलेला फार आवडतो. गणेशला हे असं सांगितलंस की तो स्वतःच कात्री हातात घेईल.

आता मंचावर काय कसं हलायचं. पडद्याच्या एका बाजूला चौघं बोलण्याच्या क्रमाने उभे राहा, खुर्च्यांवर बसू नका. खुर्चीतून उठून, पायऱ्या चढून, केस सारखे करून माइकपर्यंत यायला जे सेकंद लागतात तेच तुमच्या सांध्यात मुरतायत. बोलणाऱ्याची शेवटची स्लाइड लागली की पुढच्याने दोन पावलं पुढे यायचं. सांध्याचं वाक्य बोलताना जाणाऱ्यानेच बटण दाबून पुढच्याची पहिली स्लाइड आणायची, म्हणजे येणारा येऊन बटण शोधत बसत नाही. रिमोट आणि माइक दोन्ही हातात असतील तर माइक डाव्या हाताने द्या, रिमोट उजव्या. आणि माइक देताना त्याचं बटण बंद करायचं नाही. चांगल्या सवयीची मुलं हटकून बंद करतात, आणि पुढच्याचं पहिलं वाक्य नुसतं ओठांवर दिसतं. बोलून झालेल्याने रांगेच्या मागून जाऊन शेवटी उभं राहायचं, प्रोजेक्टरच्या उजेडातून नाही.

हे उभ्या-उभ्या चालण्याचं काम सरावात नुसतं सांध्यांपुरतं करा. अख्खं सादरीकरण रोज तीनदा करण्यापेक्षा शेवटची दोन वाक्यं, माइक, पहिली दोन वाक्यं, एवढंच १०-१२ वेळा करा. पाऊण तासात तिन्ही सांधे बसतात. कसं ओळखायचं बसले ते? एक मैत्रीण समोर डोळे मिटून बसव. आवाज बदलला पण मध्ये रिकामी जागा जाणवली नाही असं ती म्हणाली की झालं.

घड्याळाचं काम बोलून मोकळ्या झालेल्याकडे द्या, म्हणजे तुझ्याकडे. तुझं बोलणं चालू असताना सोहेल बघेल, त्यानंतर तू. प्रत्येकाने किती मिनिटं बोललो हे लक्षात ठेवायचं नाही, आपण संपवताना घड्याळात किती वाजलेले असावेत तेवढंच लक्षात ठेवायचं. तू सव्वादोनला, गणेश पावणेपाचला, वैष्णवी पावणेआठला. ज्याच्या संपण्याला ३० सेकंद उरले त्याला दिसेल असा तू हातातला पुठ्ठा छातीशी धरायचा. ओरडायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पुठ्ठा दिसला की बोलणाऱ्याने जिथे असेल तिथलं वाक्य पूर्ण करून थेट शेवटच्या तीन वाक्यांवर यायचं. ती तीन वाक्यं कागदावर वेगळ्या रंगाने लिहून ठेवा.

आणि गणेश लांबलाच तर? तेही आजच ठरवा, मंचावर नाही. पावणेपाचऐवजी पाच वाजून पाच सेकंदांपर्यंत आला तर काही करू नका, सांडायला ठेवलेल्या सव्वा मिनिटात ते मुरेल. त्याहून पुढे गेला तर तू वैष्णवीला एक बोट दाखवायचं आणि तिने दुसरा आलेख गाळायचा. त्या आलेखाशिवायही तिचं म्हणणं पूर्ण होतं, मी बघितलं. स्लाइड पुढे ढकलताना "वेळेअभावी हे सोडून देते" असं म्हणायचं नाही. म्हटलं की परीक्षकांना नेमकं तेच बघावंसं वाटतं. कुणी काही केलं तरी वेग मात्र वाढवायचा नाही. घाईत "सात हजार दोनशे" चं "सातशे" ऐकू येतं आणि पुढचा सगळा हिशेब कोसळतो. सोहेलच्या तीन मिनिटांना कुणी हात लावायचा नाही. त्याने फक्त एक वाक्य तयार ठेवायचं, जे दुसरी घंटी ऐन मध्यात झाली तरी उभ्या-उभ्या सांगून थांबता येईल: किती खर्च, किती वर्षांत निघतो, कुणाला परवडतं.

स्पर्धेच्या संयोजकांना आजच दोन गोष्टी विचारून घे. घड्याळ नाव पुकारल्यापासून लागतं की पहिल्या शब्दापासून? आणि प्रश्नोत्तरं १२ मिनिटांत धरलेली आहेत की वेगळी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाव पुकारल्यापासून" आलं तर मंचावर चढायलाच २० सेकंद जातील, तेवढे तुझ्या भागातून काढ.

चौघांनी आपापल्या स्लाइड वेगवेगळ्या लॅपटॉपवर केल्या असणार. त्या एका फाइलीत, एकाच लॅपटॉपवर जोडा, चार फाइली उघडझाप करायच्या नाहीत. मराठी अक्षरं स्पर्धेच्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर चौकोन किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं होऊन दिसतात, विशेषतः कुणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर. सगळं युनिकोडमध्ये घ्या, आणि विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये `File > Options > Save` इथे जाऊन `Embed fonts in the file` वर खूण करा. शिवाय एक पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा. लाईट गेली तर काय, याचाही एक सराव करा: पडदा बंद, माइक बंद, तेच भाषण. वैष्णवीला तिचा आलेख हाताने हवेत काढून सांगता आला पाहिजे.

प्रश्नोत्तराला चौघं त्याच रांगेत उभे राहा. पहिलं उत्तर कुणी द्यायचं यावरून तुमच्यात चुळबुळ होऊ नये म्हणून विषय आधीच वाटा. मोजणी गणेशची, आकडे वैष्णवीचे, पैसे सोहेलचे, बाकी तुझं. पहिला प्रश्न बहुतेक त्या वाऱ्याच्या दिवसावरच येईल, कारण तुम्हीच तो त्यांच्या मनात घातलेला असेल. उत्तर वैष्णवी देईल, आणि तेवढ्यात गणेशने त्या तारखेची नोंद पडद्यावर आणलेली असावी. तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती तारीख मला कुठे दिसली नाही. गणेशला आज रात्रीच वही काढायला सांग.